सहीखालची तारीख

कायद्याच्या विद्यार्थ्याला पदवीआधी इंटर्नशिप करावीच लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आठवडे, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. या चार आठवड्यांतले पहिले तीन बहुतेकांचे झेरॉक्स, तारखा घेणे आणि कोर्टाच्या बाकावर बसणे यात जातात. चौथ्या आठवड्यात एखादा सीनियर टेबलावरची फाइल पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘दावा मुदतीत आहे का आणि चालेल का, दोन-तीन पानांत लिहून दे.’ तीच परीक्षा.

प्रश्न साधा वाटतो. मुदतीच्या कायद्यात तीन वर्षे लिहिली आहेत, तीन वर्षे मोजली की झाले. पण असे मेमो वाचणाऱ्या सीनियरला उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहायचे नसते. प्रत्येक तारीख कोणत्या कागदावरून आली आणि त्या कागदावर किती भार टाकता येतो, हे इंटर्नला कळले आहे का, हे ती पाहत असते. हे दाखवायला एक फाइल उघडून बघू. फाइल काल्पनिक आहे, पण तिच्यातले कागद कोल्हापूर-सांगलीच्या कुठल्याही दिवाणी वकिलाच्या ओळखीचे आहेत.

इचलकरंजीतली एक भागीदारी फर्म मुंबईच्या एका व्यापाऱ्याला कापड विकत असे. तीन बिले थकली. पहिले ४ लाख २० हजारांचे, माल पोचला १० डिसेंबर २०१९ ला. दुसरे ३ लाख ६० हजारांचे, माल पोचला २० जून २०२१ ला. तिसरे २ लाख ८० हजारांचे, माल पोचला २ मे २०२२ ला. मधे एकदा, २४ नोव्हेंबर २०२३ ला, व्यापाऱ्याने ५० हजारांचा चेक दिला आणि तो वटला. फाइलमध्ये शेवटी एक बॅलन्स कन्फर्मेशन आहे: ‘३१ मार्च २०२४ अखेर आमच्याकडून येणे १०,१०,००० रुपये, बरोबर आहे.’ खाली रबरी शिक्का, सही आणि सहीखाली बारीक अक्षरात ७ मार्च २०२५. मेमोची तारीख ९ जून २०२५.

इंटर्नचा पहिला मसुदा बहुधा असा येतो: बाकी ३१ मार्च २०२४ ला कबूल झाली, म्हणून मुदत ३१ मार्च २०२७ पर्यंत, दावा मुदतीत आहे. चार ओळींत निकाल. आणि चारही ओळी तपासाव्या लागतात.

सुरुवात घड्याळ कधी सुरू झाले इथून करावी लागते. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी मुदतीच्या कायद्यात, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमध्ये, दोन वेगळे अनुच्छेद आहेत. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर अनुच्छेद १४ लागतो आणि तीन वर्षे माल दिल्याच्या दिवसापासून चालतात. उधारी ठरलेली असेल तर अनुच्छेद १५ लागतो आणि तीन वर्षे उधारी संपल्यावर सुरू होतात. इथे प्रत्येक खरेदी-ऑर्डरवर साठ दिवसांची उधारी लिहिली आहे, म्हणून अनुच्छेद १५. हा फरक पुस्तकी नाही. तिसऱ्या बिलाची साठ दिवसांची उधारी १ जुलै २०२२ ला संपली, म्हणून त्याची मुदत १ जुलै २०२५ ला संपते. उधारी सिद्ध झाली नाही तर मुदत २ मे २०२५ लाच संपलेली असते, म्हणजे मेमो लिहायच्या पाच आठवडे आधी. बिलावर छापलेल्या अटीवर विसंबण्यापेक्षा खरेदी-ऑर्डरची मूळ प्रत मागवा, ही मेमोतली पहिली सूचना इथून निघते.

वकिलाची नोटीस गेली की मुदत थांबते, असा समज पक्षकारांमध्ये इतका रुजलेला आहे की काही इंटर्नही तो सोबत घेऊन येतात. पैसे वसुलीच्या अशा दाव्यात नोटिशीने घड्याळ थांबत नाही, आणि पुन्हा सुरूही होत नाही. उशीर माफ करण्याचे कलम ५ सुद्धा दाव्यांना लागू नाही. ते अपिलांसाठी आणि अर्जांसाठी आहे. मेमोत ‘उशीर झाल्यास माफीचा अर्ज करता येईल’ असे वाक्य आले की सीनियरची पेन्सिल तिथेच थांबते.

आता पहिले बिल. उधारी ८ फेब्रुवारी २०२० ला संपली. साधा हिशेब केला तर मुदत ८ फेब्रुवारी २०२३ ला संपते आणि नोव्हेंबर २०२३ चा चेक मेलेल्या मुदतीवर पडतो. पण मधे कोविड आहे. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल केलेल्या २०२० च्या तिसऱ्या रिट याचिकेत १० जानेवारी २०२२ ला आदेश दिला, की १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळायचा. दोन्ही दिवस धरून हे ७१६ दिवस भरतात. ज्यांची मुदत या काळातच संपणार होती त्यांना १ मार्च २०२२ पासून किमान नव्वद दिवस मिळाले, आणि शिल्लक मुदत त्याहून मोठी असेल तर ती पूर्ण मिळाली.

यात घोळ नव्वद दिवसांचा होतो. इंटर्नला ते नव्वद दिवस लक्षात राहतात आणि सगळ्या जुन्या बिलांना तेच लावले जातात. खरे तर नव्वद दिवस हा आधार आहे, कमाल मर्यादा नाही. आदेशात शिल्लक मुदतीचा उल्लेख ३ ऑक्टोबर २०२१ च्या संदर्भात येतो, त्यामुळे वाचणारा आणखी गोंधळतो. २०२४ मध्ये ‘आरिफ अझीम विरुद्ध ॲपटेक’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिशेब करून दाखवला: १५ मार्च २०२० ला जेवढी मुदत शिल्लक होती, तेवढी १ मार्च २०२२ पासून पुन्हा चालू लागते. पहिल्या बिलाचे तोवर ३५ दिवस वापरले गेले होते, १०६१ उरले होते. १ मार्च २०२२ पासून १०६१ दिवस मोजले की शेवटचा दिवस येतो २४ जानेवारी २०२५. उलट्या बाजूने, ८ फेब्रुवारी २०२३ मध्ये ७१६ दिवस मिळवले तरी तीच तारीख निघते. असा दुहेरी ताळा मेमोत एका ओळीत द्यावा. तारखांचे गणित वकिलांनाही बोटांवर करावे लागते, आणि लीप वर्षाचा एक दिवस हमखास निसटतो.

दुसऱ्या बिलाची उधारी १९ ऑगस्ट २०२१ ला संपली, म्हणजे वगळलेल्या काळातच. त्याचे घड्याळ १ मार्च २०२२ ला चालू झाले आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला थांबले.

म्हणजे कागदावर चित्र असे दिसते. पहिले बिल २४ जानेवारी २०२५ पर्यंत, दुसरे २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत, तिसरे १ जुलै २०२५ पर्यंत. आता चेक आणि कन्फर्मेशन या तीन तारखांना कुठे भेटतात ते बघायचे.

इथे इंटर्नच्या मसुद्यातली मोठी चूक उघडी पडते. मुदत संपण्याआधी ऋणकोने लेखी आणि सहीनिशी देणे कबूल केले, तर कलम १८ प्रमाणे कबुलीच्या दिवसापासून नवी मुदत चालू होते. कबुलीचा दिवस म्हणजे सही केल्याचा दिवस. पत्रात ‘३१ मार्च २०२४ अखेर’ असे लिहिले आहे म्हणून कबुली त्या दिवशी होत नाही. तो हिशेबाचा दिवस आहे. सही ७ मार्च २०२५ ला झाली. दुसऱ्या बिलाची मुदत त्याच्या सात दिवस आधी संपून गेली होती. कबुली मुदत जिवंत असताना यावी लागते. मुदत संपल्यावर आलेल्या कबुलीने ती पुन्हा जिवंत होत नाही.

मग ते पत्र दुसऱ्या बिलापुरते निरुपयोगी का? काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २५(३) मध्ये एक वाट आहे. मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी आणि सहीनिशी दिलेले वचन स्वतंत्र करार म्हणून चालते. पण तिथे वचन लागते. ‘बाकी बरोबर आहे’ हे कबूल करणे झाले, ‘देईन’ म्हणणे झाले नाही. मराठीत हा फरक एका क्रियापदाचा आहे आणि या फाइलमध्ये तो ३ लाख ६० हजारांचा.

चेकचे काय? कलम १९ म्हणते की मुदत संपण्याआधी कर्जापोटी काही रक्कम दिली आणि ती दिल्याचे ऋणकोच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी लेखी असेल, तर नवी मुदत सुरू होते. सही असलेला आणि वटलेला चेक या कसोटीला उतरतो. पण कोणत्या कर्जापोटी? तीन बिले ही तीन वेगळी देणी असतील, तर चेक एकाच देण्याला लागेल. व्यापाऱ्याने चेकबरोबर काही सांगितले नव्हते. अशा वेळी काँट्रॅक्ट ॲक्टचे कलम ६० धनकोला निवड देते, आणि कोणीच निवड केली नसेल तर कलम ६१ प्रमाणे पैसे जुन्या देण्याकडे आधी जातात. फर्मच्या खातेवहीत ५० हजार पहिल्याच बिलाला जमा आहेत. म्हणून पहिल्या बिलाला २४ नोव्हेंबर २०२३ पासून तीन वर्षे नव्याने मिळाली, म्हणजे २४ नोव्हेंबर २०२६ पर्यंत.

गंमत अशी की सर्वांत जुने बिल वाचले आणि मधले बुडाले. पक्षकाराला हे सांगितले तर त्याचा पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

तरी पहिल्या बिलाबाबत मेमोने ‘नक्की’ हा शब्द वापरू नये. प्रतिवादी म्हणेल, तो चेक मी तिसऱ्या बिलापोटी दिला होता, किंवा धनकोने आपल्या वहीत केलेली जमा ही माझी कबुली होत नाही. वादी दुसरीकडून म्हणू शकतो, की आमचा व्यवहार एकाच चालू खात्याचा होता, चेक सगळ्या बाकीपोटी होता, आणि म्हणून दुसरे बिलही वाचले. हा दुसरा युक्तिवाद पर्यायी म्हणून दाव्यात घालता येईल, पण त्यावर पाया रचता येणार नाही. शिवाय एकाच वेळी ‘पहिल्या बिलाला जमा केले’ आणि ‘सगळ्या खात्यापोटी होते’ असे दोन्ही म्हणताना वादीची खातेवही त्याच्याच विरोधात बोलू लागते. चालू खात्याचा विषय निघाला की इंटर्न अनुच्छेद १ कडे धावतात, कारण तिथे परस्परांच्या चालू खात्याचे सोयीचे घड्याळ आहे. १९५९ मध्ये ‘हिंदुस्थान फॉरेस्ट कंपनी विरुद्ध लाल चंद’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की एकाने माल द्यायचा आणि दुसऱ्याने त्याचे पैसे द्यायचे एवढ्याने खाते परस्पर होत नाही. दोघांची एकमेकांकडे स्वतंत्र देणी हवीत. आपल्या फाइलमध्ये ती नाहीत.

म्हणून निष्कर्ष बिलागणिक लिहायचा: तिसरे बिल मुदतीत, पहिले बहुधा मुदतीत, दुसरे बहुधा मुदतबाह्य. ‘दावा मुदतीत आहे’ या एका ओळीने सीनियरचे काम होत नाही. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे मुदतबाह्य दावा फेटाळणे कोर्टावर बंधनकारक आहे, तेव्हा समोरच्याच्या नजरेतून सुटेल अशी आशा धरण्यातही अर्थ नसतो.

मेंटेनेबिलिटीचा भाग मुदतीपेक्षा लहान असतो, पण दावा सुरुवातीलाच पाडणारे मुद्दे इथेच दडलेले असतात. इथे दोन आहेत.

पहिला फर्मचा. फाइलमध्ये भागीदारीपत्र आहे, पण रजिस्ट्रार ऑफ फर्म्सचा उतारा नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९(२) प्रमाणे नोंदणी नसलेली फर्म कराराखालचा हक्क बजावण्यासाठी तिसऱ्या माणसावर दावा लावू शकत नाही, आणि दावा लावणाऱ्यांची नावे भागीदार म्हणून रजिस्टरमध्ये असावी लागतात. दावा दाखल होण्याआधी नोंदणी झाली तर चालते. दाखल केल्यावर नोंदणी करून तो दोष भरून निघत नाही. या कलमाला महाराष्ट्राने जोडलेले ६९(२अ) जुन्या टीकाग्रंथांत अजून भेटते. ते भागीदारांच्या आपापसातल्या दाव्यांबद्दल होते आणि सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते रद्द केले. ते इथे लागूही नाही, पण उताऱ्याच्या उताऱ्यासह मेमोत उतरलेले दिसते. सीनियरला त्यावरून कळते की पुस्तक कोणत्या सालचे वापरले.

दुसरा मध्यस्थीचा. व्यापाऱ्यांमधला माल विक्रीचा हा वाद तीन लाखांवरचा आहे, म्हणून तो कमर्शियल कोर्ट्स ॲक्टखाली येतो. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर त्या कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा लागतो. ‘पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनियर्स’ या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही पायरी सक्तीची ठरवली आणि २० ऑगस्ट २०२२ पासून ती चुकवलेला दावा ऑर्डर ७ रूल ११ खाली फेटाळला जाईल असे सांगितले. दाव्यात एखादी मनाई जोडून तातडी दाखवण्याची युक्तीही पुरत नाही. २०२३ च्या ‘यामिनी मनोहर’ प्रकरणात न्यायालयाने म्हटले की तातडी खरी आहे की फक्त दाखवायची, हे कोर्ट पाहू शकते.

इथे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकतात, आणि चांगला मेमो इथे ओळखू येतो. दावा लगेच लावता येत नाही, आधी मध्यस्थी. मध्यस्थीत दोन्ही पक्ष गुंतलेला काळ मुदतीतून वगळला जातो. पण समोरचा आलाच नाही, तर तो काळ ‘गुंतलेला’ धरायचा की नाही, यावर वाद होऊ शकतो. तेव्हा घड्याळात जागा ठेवून चालावे लागते. किती जागा आहे? तिसऱ्या बिलाची मुदत १ जुलैला संपते, मेमो ९ जूनचा, हातात बावीस दिवस. कन्फर्मेशन टिकले तर तीच मुदत ७ मार्च २०२८ पर्यंत जाते आणि घाई उरत नाही.

टिकेल का? पुन्हा त्या सहीकडे जावे लागते. कलम १८ ला सही ऋणकोची स्वतःची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची हवी. शिक्क्यावर ‘करिता’ असा शब्द आहे आणि सही मालकाच्या चेकवरच्या सहीसारखी दिसत नाही. ती बहुधा मुनिमाची. त्याला अधिकार होता की नाही, हे कागद सांगत नाही. शिवाय तारीख वेगळ्या शाईत आहे. मागाहून लिहिली असा आक्षेप आला तर सही कधी झाली याचा तोंडी पुरावा द्यावा लागेल, तेव्हा कागद कोणत्या पत्रासोबत किंवा कोणत्या संदेशासोबत आला ते आत्ताच शोधलेले बरे.

म्हणून मेमोने सल्ला सर्वांत वाईट तारखेवर द्यायचा. कन्फर्मेशन नाही असे धरून १ जुलैच्या आत हालचाल, कन्फर्मेशन असेल तर फायदा. याच आठवड्यात कलम १२अ चा अर्ज, त्याआधी फर्मच्या नोंदणीचा उतारा, आणि नोंदणी नसेल तर ती आजच सुरू करणे. रजिस्ट्रारकडे किती दिवस लागतील हे ठाऊक नसताना बावीस दिवस फार नाहीत.

असा मेमो दोन पानांत मावतो. वर प्रश्न आणि तीन ओळींचे उत्तर, मग तारखांचा तक्ता, मग फक्त वादाच्या मुद्द्यांची चर्चा, शेवटी पक्षकाराला विचारायचे प्रश्न. इंटर्न सहसा उलटे करतात. पहिले पान भर मुदतीच्या कायद्याचा उद्देश आणि इतिहास, दुसऱ्यावर निकालांचे उतारे, आणि उत्तर शेवटच्या परिच्छेदात. सीनियरला कायद्याचा उद्देश ठाऊक असतो. तिला ९ जूनला काय करायचे ते हवे असते.

या फाइलवर इंटर्नने लिहिलेल्या पक्षकाराच्या प्रश्नांपुढे मॅडमनी पेन्सिलीने एकच भर घातली: ‘चेकबुकाची पावती-पट्टी व्यापाऱ्याकडे असेल. तिच्यावर त्याने बिल क्रमांक लिहिला असेल तर?’ इंटर्न गप्प राहिली. पहिल्या बिलापुढचा ‘बहुधा’ त्या पट्टीवर अवलंबून होता, आणि ती पट्टी समोरच्याच्या ड्रॉवरमध्ये होती.